सिझेरियनचा उंचावलेला वण आणि बुगडीच्या जागची गाठ

प्रश्न: "सात महिन्यांपूर्वी माझे सिझेरियन झाले. पोटावरचा आडवा टाका दोरीसारखा उंच आणि लालसर झाला आहे, रात्री फार खाज येते. धाकट्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी बुगडीसाठी कान टोचला. तिथे गाठ आली, ती कापून घेतली, तर चार महिन्यांत आधीपेक्षा मोठी होऊन परत आली. शेजारच्या काकू म्हणतात, दोन्ही केलॉइडच आहेत, काही उपयोग नाही. आम्ही काय करावे? आणि माझ्या मुलीचे कान टोचू की नको? – खानापूर तालुका"

नमस्कार. मी बेळगावात बरीच वर्षे त्वचारोगांवर उपचार करतो. आपण जे वर्णन केले आहे त्यावरून हे दोन वण एकाच जातीचे असण्याची शक्यता मला कमी वाटते. आपला वण बहुधा फुगीर वण आहे, ज्याला आम्ही हायपरट्रॉफिक स्कार म्हणतो, आणि बहिणीच्या कानावरची गाठ बहुधा खरे केलॉइड आहे. नावातला हा फरक नुसता पुस्तकी नाही. आपल्या वणाला वेळ दिला तर तो बराचसा स्वतःहून बसेल, तर बहिणीच्या गाठीला वेळ दिला तर ती वाढतच जाईल. मी दोन्ही जागा प्रत्यक्ष पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे कोणती गोष्ट वेगळी दिसली तर माझे मत बदलेल हेही त्या त्या ठिकाणी सांगतो.

जखम भरताना शरीर तिथे कोलॅजेन नावाचे तंतू विणते आणि त्याच वेळी जुने तंतू मोडून काढते. पहिले काही महिने विणणे जास्त आणि मोडणे कमी असते, म्हणून कोणताही ताजा वण थोडा कडक आणि लालसर असतो. फुगीर वणात हे विणकाम जरुरीपेक्षा जास्त होते, पण जिथे जखम होती तेवढ्याच पट्ट्यात होते आणि काही महिन्यांनी मंदावते. केलॉइडमध्ये ते मंदावत नाही आणि कडेच्या निरोगी त्वचेत शिरते. केलॉइड हे नावच खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले आहे, कारण गाठीच्या कडेने चांगल्या त्वचेत नांग्यांसारखे फाटे फुटलेले दिसतात.

म्हणून पहिली खूण सीमेची. वण मूळ जखमेच्या रेषेत राहिला आहे की तिच्या बाहेर पसरला आहे, हे पाहायचे. त्यासाठी मी रुग्णांना घरी एक साधी गोष्ट करायला सांगतो. पारदर्शक प्लास्टिकचा किंवा बटर पेपरचा तुकडा वणावर ठेवून बारीक मार्करने उंचवट्याची कड गिरवावी, त्यावर तारीख लिहावी, बेंबीच्या बाजूला एक बाण काढावा आणि तो कागद जपून ठेवावा. सहा आठवड्यांनी दुसऱ्या कागदावर पुन्हा गिरवून दोन्ही कागद एकमेकांवर धरावेत. रेषा तीच असेल आणि फक्त उंची बदलली असेल तर काळजीचे कारण नाही. रेषा एखाद्या टोकाकडून किंवा बाजूने पुढे सरकलेली दिसली, तर मात्र मी फुगीर वण म्हणणे थांबवीन. रोज आरशात पाहून हा फरक कळत नाही, आणि मोबाइलच्या फोटोत उजेड बदलला की वण मोठा किंवा लहान भासतो.

यात एक चूक वारंवार होते. टाके घालताना सुई जिथे शिरते आणि जिथून बाहेर येते ती छिद्रेही जखमाच असतात. मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना मण्यांसारखे छोटे उंचवटे ओळीने दिसले, तर वण बाहेर पसरला असे समजू नये. ती टाक्यांची छिद्रे फुगलेली असतात. पुष्कळ स्त्रिया हे मणी पाहून घाबरतात.

दुसरी खूण काळाची. फुगीर वण टाके काढल्यावर साधारण एक ते दोन महिन्यांत वर येऊ लागतो, सहाएक महिने वाढतो, मग थांबतो आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत हळूहळू मऊ आणि फिका होतो. केलॉइड कधी कधी जखम पूर्ण बरी झाल्यावर, अगदी वर्षभरानेसुद्धा, डोके वर काढते आणि स्वतःहून परत फिरत नाही. आपला सातवा महिना म्हणजे फुगीर वण सर्वांत उंच, लाल आणि खाजरा असण्याचा काळ. ओटीपोटावरची आडवी रेषा ही केलॉइडची आवडती जागाही नाही. त्याच्या आवडत्या जागा म्हणजे कान, छातीच्या मधला भाग, खांदे, दंडाचा वरचा भाग आणि जबड्याची कड. तरीही बहिणीला केलॉइड असल्यामुळे घरात प्रवृत्ती आहे हे धरून चालावे लागेल, म्हणून तो बटर पेपर आपण खरोखरच वापरावा.

कान टोचण्याच्या बाबतीत मात्र सीमेची खूण फारशी उपयोगी पडत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. टोचणे म्हणजे एक बिंदू. त्याच्याभोवती कोणताही फुगवटा आला तरी तो जखमेच्या बाहेरच जातो, म्हणून कान-नाकावरचा प्रत्येक दाणा केलॉइड ठरवला जातो. प्रत्यक्षात चमकीच्या छिद्राशी काही आठवड्यांत येणारी लाल, ओलसर, धक्का लागताच रक्त येणारी पुटकुळी बहुतेक वेळा नुसते मांसांकुर असते आणि ते लवकर बरे होते. कानाच्या पाळीच्या आत गोल, हलणारी, कधी कधी दुर्गंधीयुक्त पांढरा चोथा सोडणारी गाठ असेल तर ती त्वचेची पुटी असते. ती कापून काढणे हाच तिचा उपचार. टोचल्यावर आठवड्याभरात कानाचा वरचा भाग गरम, लाल आणि ठणकणारा झाला तर तो कूर्चेचा जंतुसंसर्ग असतो आणि त्याला त्याच दिवशी दाखवावे लागते. केलॉइड हाताला रबरासारखे घट्ट लागते, त्वचेपासून वेगळे हलत नाही, वरून गुळगुळीत आणि चकचकीत असते, त्याला खाज येते किंवा टोचल्यासारखे होते, आणि ते महिन्यामहिन्याने वाढते. बहिणीची गाठ कापल्यावर चार महिन्यांत आधीपेक्षा मोठी झाली, हा इतिहासच केलॉइडकडे बोट दाखवतो. मूळ गाठ कापली तेव्हा ती पॅथॉलॉजी तपासणीला पाठवली होती का, हे विचारून घ्यावे आणि अहवाल असेल तर जवळ ठेवावा.

आता आपल्या वणाविषयी. माझ्या टेबलासमोर आपण बसला असता, तर मी प्रथम सिलिकॉन सांगितले असते. सिलिकॉनची पट्टी वणावर बसल्यावर खालच्या त्वचेतला ओलावा टिकतो आणि पेशींचे जास्तीचे विणकाम कमी होते. पट्टी दिवसात किमान बारा तास राहिली पाहिजे आणि निदान तीन महिने लावली पाहिजे. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून सोडणारेच जास्त असतात. पहिल्या आठवड्यात चार तासांपासून सुरुवात करून वेळ वाढवावी. पट्टी रोज साध्या साबणाने धुऊन वाळवावी आणि त्वचाही पुसून कोरडी करावी. आपल्या खानापूरच्या पावसाळ्यात कपडेच वाळत नाहीत, तेव्हा पट्टी सुटते आणि खाली घामोळ्यासारखे पुरळ येते. अशा दिवसांत पट्टीऐवजी सिलिकॉन जेल दिवसातून दोनदा वापरावे. त्याचा थर इतका पातळ असावा की चार-पाच मिनिटांत वाळला पाहिजे. चिकट राहिला तर जास्त लागला असे समजावे.

त्याबरोबर नाडी कुठे येते ते पाहावे. परकराची किंवा सलवारीची नाडी वणावर येत असेल, तर दिवसभराचे घासणे आणि ओढ वणाला शांत होऊ देत नाही. नाडी वर किंवा खाली सरकवणे किंवा काही महिने रुंद इलॅस्टिक वापरणे, एवढ्यानेही खाज कमी झालेली मी पाहिली आहे. पट्टी काढलेली असेल त्या वेळी साध्या खोबरेल तेलाने किंवा व्हॅसलीनने वणावर अंगठ्याने दाब देत पाच मिनिटे चोळावे. त्यानंतर तेल धुतल्याशिवाय सिलिकॉन चिकटणार नाही.

खाजेमुळे झोप मोडत असेल किंवा तीन महिन्यांनंतरही वण उंचच राहिला, तर त्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देता येते. आपण बाळाला अंगावर पाजत आहात हे डॉक्टरांना आधी सांगावे. फुगीर वणाला साधारणपणे सौम्य मात्रा, म्हणजे १ मि.लि.मध्ये १० ते २० मि.ग्रॅ. ट्रायामसिनोलोन, पुरते आणि बहुतेकांना दोन-तीन वेळांपेक्षा जास्त लागत नाही. शस्त्रक्रियेचा विचार वर्षभर तरी करू नये. पुढचे बाळंतपण सिझेरियननेच झाले तर जुना वण त्याच वेळी कापून नवा, बारीक टाका घालता येतो. हे आधीच प्रसूतितज्ज्ञांना सांगून ठेवावे.

दोन गोष्टी दिसल्या तर हा सगळा सल्ला बाजूला ठेवून लवकर दाखवावे. वणाखाली एखादी गाठ पाळीच्या दिवसांत दुखून सुजत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचा अंश वणात अडकलेला असू शकतो. खोकताना वणाजवळ फुगा येऊन आडवे पडल्यावर तो जात असेल, तर तो हर्निया असतो. या दोन्हींचा वणाच्या जातीशी संबंध नाही आणि सिलिकॉनने त्या बऱ्या होत नाहीत.

बहिणीची बाजू अवघड आहे, पण काकू म्हणतात तशी निरुपाय नाही. केलॉइड नुसते कापले आणि पुढे काहीच केले नाही, तर ते परत येण्याचे प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत ४५ ते १०० टक्के आढळले आहे. कापणे म्हणजे त्या त्वचेला आणखी एक, आणि पहिल्यापेक्षा मोठी, जखम देणे. चूक कापण्यात नव्हती. कापल्यानंतरच्या वर्षभराची योजना नव्हती, ही चूक होती. ती योजना कशी असते हे माझ्याकडच्या एका मुलीच्या उदाहरणावरून सांगतो.

हुक्केरीकडची ही मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. बुगडीच्या जागी तुरीच्या दाण्याएवढी गाठ आली, ती एका ठिकाणी कापली गेली, टाके काढल्यावर पुन्हा बोलावले नाही, आणि ती माझ्याकडे आली तेव्हा गाठ मोठ्या चिंचोक्याएवढी होऊन कानाच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे फुगली होती. मी लगेच कापण्यास नकार दिला. आधी दर चार आठवड्यांनी ट्रायामसिनोलोन दिले, १ मि.लि.मध्ये ४० मि.ग्रॅ. या तीव्रतेचे. पहिल्या वेळी गाठ इतकी कडक होती की जेमतेम ०.४ मि.लि. औषध आत गेले. अशा वेळी सुई पेचाने घट्ट बसणारी सिरिंज घ्यावी लागते, नाहीतर दाबाने सुई निसटून औषध बाहेर उडते. औषध गाठीच्या आतच गेले पाहिजे, आणि ते गेले की गाठ क्षणभर पांढरी पडते. ती खूण पाहूनच मी पुढे दाबतो. औषध गाठीखाली गेले तर तिथली चरबी झिजून खड्डा पडतो. हे दुखते, आणि रुग्णाला तसे आधीच स्पष्ट सांगावे. आधी बधिर करणारे औषध दिले, तरी पहिली एक-दोन इंजेक्शने त्रासदायक होतात. गाठ मऊ झाली की पुढची सोपी जातात.

चौथ्या इंजेक्शनपर्यंत तिची खाज थांबली आणि गाठ निम्म्याने बसली. मग उरलेला भाग जागा बधिर करून काढला. वरची पातळ त्वचा शाबूत ठेवून आतला घट्ट गर काढला आणि तीच त्वचा परत बसवली, म्हणजे टाक्यांवर ताण आला नाही. दहाव्या दिवशी टाके काढले, दोन आठवड्यांनी त्याच रेषेत पुन्हा इंजेक्शन दिले आणि पुढे महिन्यातून एकदा असे सहा महिने ठरवले. त्याबरोबर दाब. पाळीवर दाब देणारी चापाची कर्णभूषणे मिळतात, पण बुगडीच्या जागी कान वळलेला असल्याने ती बसत नाहीत. म्हणून कृत्रिम दात बनवणाऱ्या दंतवैद्यांकडून तिच्या कानाचे माप घेऊन ॲक्रिलिकचा चाप करून घेतला. संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत तो घालायचा होता. दाब बोटांनी हलके चिमटल्याइतका हवा. कान बधिर झाला, निळसर पडला किंवा ठणकू लागला तर चाप सैल करायचा.

चौथ्या महिन्यानंतर परीक्षा आल्या आणि दोन महिने ती आलीच नाही. परत आली तेव्हा कानामागे तांदळाच्या दाण्याएवढा कडकपणा आणि खाज होती. दिसायला अजून काही नव्हते, फक्त बोटाला लागत होते. दोन इंजेक्शनांत ते बसले. चाप तिने एकंदर नऊ महिने वापरला. आज दोन वर्षांनंतर तिथे फिकट, सपाट रेषा आहे. टाक्याच्या टोकाला इंजेक्शनमुळे त्वचा पांढरी पडली होती, ती वर्षभरात बरीचशी भरून आली. आपल्याकडच्या सावळ्या रंगावर हा पांढरेपणा उठून दिसतो, म्हणून तो होऊ शकतो हे आधी सांगणे मी टाळत नाही. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढू शकते आणि काही मुलींची पाळी एखादा महिना मागेपुढे होते.

इतके करूनही गाठ बसली नाही तर पुढचे पर्याय आहेत. स्टिरॉइडमध्ये फ्लुरोयुरॅसिल हे औषध मिसळून देता येते. ते पेशींची वाढ रोखते, पण गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांना देत नाहीत. लहान गाठी द्रव नायट्रोजनने गोठवता येतात. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गुरांचे डॉक्टर ज्या डब्यातून धूर निघताना दाखवतात, त्यातला द्रव हाच. गोठवल्यावर फोड येतो, जखम भरायला तीन-चार आठवडे लागतात आणि रंग जाण्याची शक्यता इंजेक्शनपेक्षा जास्त असते. वारंवार परत येणाऱ्या गाठीसाठी कापल्यानंतर एक-दोन दिवसांतच रेडिएशनच्या थोड्या मात्रा सुरू करतात. ही सोय बेळगाव, हुबळी, कोल्हापूर येथे आहे, पण शस्त्रक्रियेची तारीख आणि रेडिएशनची तारीख आधी जुळवून घ्यावी लागते. आठवड्यानंतर दिलेल्या रेडिएशनचा फारसा उपयोग होत नाही. लहान मुले आणि गर्भवती यांना ते देत नाहीत. लेझरने लाली आणि खाज कमी होते, परंतु घट्ट केलॉइड एकट्या लेझरने जाते असे सांगून कोणी मोठे पॅकेज देत असेल तर थांबून दुसरे मत घ्यावे.

एक विनंती मात्र कळकळीने करतो. गाठीवर बिब्बा, चुना किंवा ॲसिड लावू नये आणि दोरा बांधून ती गाळण्याचा प्रयत्न करू नये. बिब्ब्याने त्वचा भाजते, आणि भाजलेल्या जागी केलॉइड आणखी पसरते. एका ठिकाणची नखाएवढी गाठ अशा भाजण्यानंतर जबड्यापर्यंत पोहोचलेली मी पाहिली आहे, आणि ती पुन्हा मूळ आकारावर आणणे मला जमले नाही.

बहिणीला भेटीच्या दिवशी तीन गोष्टी विचारायला सांगा: इंजेक्शनची तीव्रता काय असेल, शस्त्रक्रिया केली तर त्यानंतर किती महिने बोलावणार, आणि दाब कशाने देणार. दुसऱ्या प्रश्नाला "टाके काढले की झाले" असे उत्तर मिळाले तर तिथे कापून घेऊ नये. तिच्या दुसऱ्या कानाला, नाकाला किंवा बेंबीला आता नवे छिद्र करू नये. कानाची जुनी छिद्रे शांत असतील तर ती वापरायला हरकत नाही.

आता आपल्या मुलीविषयी. मावशीला केलॉइड आहे म्हणून भाचीला होईलच असे नाही, पण शक्यता इतरांपेक्षा जास्त धरावी. कान टोचल्यामुळे झालेल्या केलॉइडच्या पाहणीत अकरा वर्षांनंतर टोचलेल्यांत त्याचे प्रमाण लहानपणी टोचलेल्यांपेक्षा बरेच जास्त आढळले आहे. म्हणून कान टोचायचेच असतील तर ते लहानपणीच, फक्त पाळीला, एकेकच छिद्र आणि स्वच्छ, नव्या सुईने टोचावेत. बुगडीची जागा कायमची वगळावी. त्यानंतर वर्षभर महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी दोन्ही पाळ्या चिमटीत धरून मागच्या बाजूला कडक दाणा लागतो का ते पाहावे. दाणा लागला तर दागिना काढून त्याच आठवड्यात घेऊन यावे, कारण त्या आकाराला एक-दोन इंजेक्शने पुरतात.